पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ

नर उंदराचा समागम संपला, वीर्यस्खलन झालं, की तो मादीपासून थोडा दूर जाऊन पडून राहतो आणि एक लांबलचक आवाज काढू लागतो. हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्याची कंपनसंख्या सेकंदाला २२ हजारांच्या आसपास असते आणि माणसाचा कान २० हजारांपलीकडे जात नाही. १९७२ साली बारफील्ड आणि गायर या दोन अमेरिकी संशोधकांनी खास यंत्राच्या मदतीने तो टिपला. तो आवाज चालू असेपर्यंत उंदीर दुसऱ्यांदा समागम करूच शकत नाही, मग मादी कितीही जवळ येवो. काही मिनिटांनी आवाज थांबतो. तरी लगेच तो मादीकडे वळतोच असं नाही. पण या उरलेल्या थोड्या वेळात बाहेरून पुरेशी चेतना मिळाली, समोर नवी मादी आली, तर तो पुन्हा सुरुवात करू शकतो.

म्हणजे या थांबण्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग पक्का, ज्यात काहीही केलं तरी उपयोग नाही. दुसरा भाग सैल, ज्यात पुन्हा उत्तेजना येऊ शकते, फक्त नेहमीपेक्षा जास्त चेतना लागते. माणसातला पुरुषही याच दोन टप्प्यांतून जातो. डॉक्टर याला रिफ्रॅक्टरी पीरियड म्हणतात. इथे आपण विरामकाळ म्हणू. या दोन टप्प्यांतला फरक लक्षात ठेवला, तर वयाबरोबर काय बदलतं आणि त्यातलं चिंतेचं काय, हे बरंच सोपं होतं.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. लिंगात स्पंजासारख्या दोन नळकांड्या असतात. त्यांच्या भिंतींतले बारीक स्नायू एरवी आवळलेले असतात, म्हणून तिथे रक्त फारसं साठत नाही. उत्तेजना आली की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात. ताठरता येते ती अशी. विश्रांतीच्या वेळी काम करणारी चेतासंस्था हे घडवून आणते. वीर्यस्खलन मात्र तिच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे धावपळीच्या आणि धोक्याच्या क्षणी जागी होणारी चेतासंस्था घडवते. ती जागी झाली की नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि तेच रसायन लिंगातल्या त्या बारीक स्नायूंना पुन्हा आवळतं. कामपूर्ती आणि ताठरता उतरणं हे एकाच झटक्याचे दोन परिणाम आहेत.

अमेरिकेत सेंट लुईस इथे विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी शेकडो स्त्री-पुरुषांचं प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निरीक्षण करून १९६६ साली आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. तोवर या विषयावर जे लिहिलं जाई ते बहुतेक लोकांनी सांगितलेल्या आठवणींवर आधारलेलं असे. या दोघांनी पाहिलं की तरुण पुरुषात ताठरता दोन टप्प्यांत उतरते. पहिल्या काही क्षणांत ती झपाट्याने कमी होते, पण लिंग पूर्ण लहान होत नाही. नेहमीच्या आकारापेक्षा साधारण निम्म्याने मोठं राहतं. मग बाकीचं हळूहळू, कधी बराच वेळ घेऊन उतरतं. याच वेळात लिंगाचं टोक इतकं संवेदनशील झालेलं असतं की साधा स्पर्शही नकोसा वाटतो. हा पक्का विरामकाळ. त्यात जोडीदाराने प्रेमाने केलेला प्रयत्नही पुरुषाला त्रासदायक वाटू शकतो. हात बाजूला सारला गेला की तिला नाकारल्यासारखं वाटतं, आणि त्याला तर नाकारायचं नसतंच. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून कित्येक घरांत याच क्षणी विनाकारण अबोला येतो.

हा विराम कशामुळे येतो? आपल्याकडे याचं एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे: वीर्य संपलं, शक्ती गेली, ती भरून यायला वेळ लागतो. एका थेंबात कित्येक थेंब रक्त जातं, हे वाक्य न ऐकलेला मुलगा महाराष्ट्रात सापडणं कठीण. ते खरं नाही. एका वेळच्या वीर्याचं प्रमाण साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर एक चमचा. त्यातला बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव असतो. शुक्रजंतूंचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत. रक्ताचा त्याच्याशी संबंध नाही. साठा हेच कारण असतं तर विराम वीर्याच्या प्रमाणाप्रमाणे लांबला किंवा आखडला असता. एक शुक्रजंतू तयार व्हायलाच दोन महिन्यांहून जास्त लागतात, आणि वीस वर्षांचा तरुण तर अर्ध्या तासात पुन्हा तयार असतो.

या गैरसमजाचं ओझं लहान नाही. वीर्य गेल्यामुळे आपण खंगत चाललो आहोत या भीतीने थकवा, पाठदुखी, निद्रानाश आणि उदासी घेऊन येणारे रुग्ण भारतीय मनोविकारतज्ज्ञांना इतक्या संख्येने भेटत, की १९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी त्या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं ते कामजीवनाबद्दल शास्त्राच्या आधारे उघडपणे बोलता यावं म्हणून. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले. त्यांच्यानंतर इतकी वर्षं गेली तरी बसस्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोग, धातुक्षय' अशा जाहिराती रंगवलेल्या दिसतात आणि कामपूर्तीनंतरचा साधा विराम हाच रोग म्हणून विकला जातो, याचा मला मनापासून राग येतो. विरामकाळ हे दुबळेपणाचं लक्षण नाही. तो मेंदू आणि चेतासंस्थेने लावलेला ब्रेक आहे.

हा ब्रेक नेमका कोणत्या रसायनाचा, याची शोधकथा रंजक आहे. जर्मनीत संशोधकांनी स्वयंसेवकांच्या नसेत सुई ठेवून कामपूर्तीच्या आधी आणि नंतर रक्त तपासलं. त्यांना दिसलं की कामपूर्तीनंतर लगेच प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि तासभर तरी वाढलेलं राहतं. हेच ते संप्रेरक, जे बाळंतिणीच्या अंगावर दूध आणतं. एका पुरुषाला विराम न घेता लागोपाठ कामपूर्ती होत असे. त्याच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढलंच नाही. धागा जुळला असं सगळ्यांना वाटलं आणि अनेक पुस्तकांत प्रोलॅक्टिन हेच कारण म्हणून छापलं गेलं. मग लिस्बनमधल्या संशोधकांनी उंदरांवर ही कल्पना थेट तपासली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात समागमाआधीच प्रोलॅक्टिन टोचून वाढवलं, तरी नरांचा उत्साह कमी झाला नाही. आणि समागमानंतर ते वाढू दिलं नाही, तरी विराम आखडला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे खरं. पण प्रोलॅक्टिन वाढतं म्हणजे तेच विराम घडवतं, हा निष्कर्ष घाईचा होता हे यातून कळतं. मेंदूतलं सेरोटोनिन, डोपामिन आणि खाली लिंगातलं नॉरअ‍ॅड्रेनलिन अशी अनेक सूत्रं यात गुंतलेली आहेत. म्हणूनच फक्त विराम कमी करणारं खात्रीचं औषध आजही नाही.

आता वय. आकडे सांगताना एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी: हे ढोबळ अंदाज आहेत, पुरुषांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवांतून आणि दवाखान्यातल्या निरीक्षणांतून आलेले. ताप मोजावा तशी ही गोष्ट मोजलेली नाही. विशीच्या आगेमागे विराम काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत असतो. तिशीत तो अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त होतो. चाळिशीत काही तास लागणं नेहमीचं. पन्नाशी ओलांडली की १२ तास, २४ तास, आणि साठी-सत्तरीनंतर एक-दोन दिवस किंवा त्याहूनही जास्त, हे सगळं निरोगी शरीरातही घडतं. त्याच वयाच्या दोन पुरुषांत कैक पटींचा फरक असू शकतो. आणि एकाच पुरुषातही झोप, दारू, थकवा, मनावरचा ताण, जोडीदाराशी असलेली जवळीक यांनुसार आजचा विराम कालच्यापेक्षा वेगळा असतो. म्हणून तुलना करायची ती शेजाऱ्याशी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बढायांशी नव्हे, आपल्याच मागच्या दोन-चार वर्षांशी.

विराम का लांबतो? चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याच्या गतीने घटतं. लिंगातले बारीक स्नायू कमी होऊन त्यांच्या जागी कडक तंतू वाढतात, नायट्रिक ऑक्साइड कमी सुटतं, त्वचेची संवेदनाही थोडी मंदावते. या सगळ्याचा परिणाम विशेषतः सैल टप्प्यावर होतो. त्या टप्प्यातून बाहेर यायला विशीत एखादा विचार, एखादं दृश्य पुरतं. साठीत प्रत्यक्ष स्पर्श लागतो, आणि तोही बराच वेळ. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी आणखी एक फरक नोंदवला. वयस्कर पुरुषात ताठरता दोन टप्प्यांत उतरत नाही. स्खलन झालं की ती जवळपास लगेच आणि पूर्ण उतरते. ज्याने आयुष्यभर पहिला प्रकार अनुभवला त्याला हा बदल धक्का देतो. आपलं काहीतरी बिघडलं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो वयाने होणाऱ्या बदलांतलाच एक आहे, जसं वीर्याचं प्रमाण आणि जोर कमी होणं, किंवा ताठरता यायलाच जास्त वेळ लागणं.

एक उदाहरण सविस्तर पाहू. हे दवाखान्यात वारंवार दिसणाऱ्या चित्रावर बेतलेलं आहे, कुणा एका व्यक्तीचं नाही. ५७ वर्षांचे एक गृहस्थ, नोकरीचं शेवटचं वर्ष. मुलगी लग्न होऊन गेली, घरात दोघंच, बऱ्याच वर्षांनी एकांत मिळालेला. रात्री समागम झाला. सकाळी पत्नीही प्रसन्न होती, म्हणून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि काही जमलं नाही. तिशीत असं सहज जमायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. मग त्यांना समागमाच्या आधीच धास्ती वाटू लागली आणि एकदा तर चार दिवसांच्या अंतराने केलेल्या पहिल्या प्रयत्नातही ताठरता टिकली नाही. पत्नीला वाटलं, आता ह्यांना माझ्यात रस उरला नाही.

डॉक्टरांनी त्यांना फार तपासण्यांआधी तीन गोष्टी विचारल्या. "पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का?" हो, आठवड्यातून तीन-चारदा. "समागमात पहिल्यांदा ताठरता नीट येते का, शेवटपर्यंत राहते का?" पूर्वी यायची, आता धास्ती असली की नाही. "हा बदल हळूहळू झाला की अचानक?" आठवून पाहिलं तर गेली दहा वर्षं दुसरा प्रयत्न लांबतच गेला होता, एकांत नसल्यामुळे तो करून पाहण्याची वेळच आली नव्हती.

या उत्तरांतून चित्र उघड होतं. झोपेत येणारी ताठरता म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि स्नायू काम करत असल्याची खूण. आठ तासांत दुसऱ्यांदा न जमणं हा त्यांच्या वयाचा साधा विराम होता. बिघाड त्यानंतरचा होता. धास्तीने तेच नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं, जे स्नायू आवळतं. त्यामुळे पहिला प्रयत्नही फसू लागला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची परीक्षा घेणं बंद करा." पत्नीला शेजारी बसवून तिलाही हे समजावलं. काही आठवड्यांत पहिला प्रयत्न पूर्ववत झाला. सकाळचा दुसरा प्रयत्न जमला नाही, आणि तो जमण्याची गरजही उरली नाही.

याच उदाहरणात पहिलं उत्तर वेगळं आलं असतं तर सगळं बदललं असतं. समजा पहाटेची ताठरता वर्षभरात कमी होत जाऊन बंद पडली आहे आणि पहिल्या प्रयत्नातही, कितीही निवांत असले तरी, ती अर्धवट येते. हा लांबलेला विराम नाही. ही ताठरतेची समस्या आहे आणि तिचं कारण शोधायलाच हवं. अशा वेळी उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सकाळी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन तपासतात. मधुमेह मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवतो, आणि आपल्याकडे तो अनेकांना वर्षानुवर्षं कळलेलाच नसतो. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. लिंगाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटर. अस्तर जाड होऊ लागलं की अरुंद नळी आधी अडते. त्यामुळे ताठरतेची तक्रार कित्येकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. पन्नाशीतला माणूस लाजेपोटी ही गोष्ट लपवतो तेव्हा तो आपल्या हृदयाची आगाऊ सूचना लपवत असतो.

विराम अचानक, काही आठवड्यांत लांबला तर आधी औषधांकडे बघावं. नैराश्यावरच्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या कामपूर्ती लांबवतात आणि इच्छाही कमी करतात. काही रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे ताठरतेवर परिणाम होतो. गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगितलं तर पर्यायी गोळी बहुधा मिळते. इच्छाच संपली, सोबत डोकेदुखी किंवा नजर अंधूक होत असेल, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवर प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ आहे का हे पाहतात. ती क्वचित आढळते, पण औषधाने बहुधा आटोक्यात येते.

सिल्डेनाफिल, म्हणजे लोक ज्याला निळी गोळी म्हणतात ती, विराम कमी करते का, हा प्रश्न डॉक्टरांना हमखास विचारला जातो. काही छोट्या अभ्यासांत विराम कमी झाल्याचं दिसलं, काहींत फरक पडला नाही. ती मुळात ताठरतेच्या समस्येवरची गोळी आहे. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाने ती घेतली तर रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय ती आणणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

स्त्रियांचं काय? मास्टर्स आणि जॉन्सन यांना बहुतेक स्त्रियांत असा पक्का विराम दिसला नाही. इच्छा आणि स्पर्श चालू राहिला तर लगेच पुन्हा कामपूर्ती होऊ शकते. पण हो म्हणजे हवीच असं नाही. कित्येक स्त्रियांना त्यानंतर योनिलिंगावर थेट स्पर्श नकोसा होतो. रजोनिवृत्तीनंतर योनीचा कोरडेपणा हा त्यांचा खरा अडथळा असतो आणि त्यावर साधं वंगण किंवा डॉक्टरांनी दिलेलं इस्ट्रोजेनचं मलम चांगलं काम करतं. पन्नाशीतल्या जोडप्यात दोघांची शरीरं एकाच वेळी बदलत असतात, आणि दोघंही समजतात की बदल फक्त आपल्यात आहे.

मूल हवं असलेल्या तरुण जोडप्यांनी विरामाची काळजी करू नये. गर्भधारणेच्या दिवसांत एक दिवसाआड समागम पुरतो. एका रात्रीत दोनदा जमलंच पाहिजे असं काही नाही. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस थांबायला सांगतात ते नमुने एकमेकांशी ताडता यावेत म्हणून. विरामकाळाशी त्याचा संबंध नाही.

आणि साठीच्या पुरुषांसाठी मास्टर्स आणि जॉन्सन यांनी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यांत उपयोगी वाटते. विराम सुरू होतो तो स्खलनाने. प्रत्येक वेळी स्खलन व्हायलाच हवं अशी शरीराची मागणी वय वाढेल तशी कमी होते. दोन-तीन वेळांतून एकदाच स्खलन झालं तरी चालतं, आणि मधल्या वेळी न झाल्यास ताठरता दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, सहज परत येते. ज्या जोडप्याला आठवड्यातून दोनदा जवळ यायचं आहे आणि पुरुषाचा विराम तीन दिवसांचा झाला आहे, त्यांना यासाठी कुठलीही गोळी लागत नाही. फक्त, आज स्खलनापर्यंत जायचं नाही, हे दोघांनी आधी बोलून ठरवावं. नाहीतर तिला वाटतं की आपलं काही चुकलं, आणि तो कारण सांगायला अवघडतो.